कर्ता कोण?

पनवेल,
दि. ५ सप्टेंबर २०२५

गुरुवर्य सरांस,
कृ. सा. न. वि. वि.

आज शिक्षकदिन. एवढ्या वर्षांनी पत्र आले म्हणजे अक्षर ओळखीचे वाटेलच असे नाही, म्हणून आधी ओळख देते. १९८३-८४ साली द्वितीय वर्ष कला वर्गात खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणारी, खाडीकाठच्या गावाहून चालत येणारी आणि पावसाळ्यात हमखास पहिला तास बुडवणारी ती मी. पुढे पोस्टात कारकून झाले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आपला पत्ता जुन्या वर्गमैत्रिणीकडून मिळाला. आता आपल्याला वाचायला त्रास होतो आणि टपाल नात वाचून दाखवते, असेही तिने सांगितले. तेव्हा वाक्ये शक्यतो आखूड ठेवीत आहे. कुठे लांबलेच तर आपण शिकविल्याप्रमाणे आधी शेवटचे क्रियापद गाठावे!

महाविद्यालयाच्या वार्षिकाने माजी विद्यार्थ्यांकडून लेख मागविला आहे. मी त्यांना या पत्राचीच नक्कल देणार आहे. आता जी मुले वर्गात बसून 'व्याकरणाचा पुढे उपयोग काय?' असे एकमेकांना विचारीत असतील, त्यांच्याही हाती हे पडावे असे वाटते. आम्हीही तेच विचारीत होतो. आपल्या पाठीमागे, अर्थात.

सर, आपण व्याकरण कपबशीपासून सुरू केले होते. "घरात कप फुटला की लहान पोर आईला काय सांगते?" असे आपण विचारलेत. सगळा वर्ग म्हणाला, "कप फुटला." आपण म्हणालात, "बघा. बालवाडीत जाण्याआधीच त्याला सकर्मक आणि अकर्मक यांतला भेद कळलेला असतो. 'मी कप फोडला' म्हटले की धपाटा. 'कप फुटला' म्हटले की कप स्वतःच फुटला, कुणी काही केलेच नाही." मग आपण फळ्यावर जोड्या लिहिल्यात. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, सुटणे-सोडणे. डाव्या रांगेतल्या क्रियापदांना कर्म लागत नाही आणि करणाराही दिसत नाही. उजव्या रांगेत मात्र करणारा आणि ज्याच्यावर क्रिया घडली तो, असे दोघे लागतात. "मराठीने ही सोय करून ठेवली आहे," आपण म्हणालात, "आणि सोय म्हटली की ती लपायलाही वापरता येते."

प्रयोगही आपण याच वाटेने शिकवलेत. 'राम आंबा खातो' यात क्रियापद रामाच्या मागे चालते, म्हणून कर्तरी. 'रामाने आंबा खाल्ला' यात ते आंब्याच्या मागे चालते. आंब्याच्या जागी चिंच ठेवली की लगेच 'खाल्ली' होते, म्हणून कर्मणी. 'रामाने रावणास मारले' यात ते कुणाच्याच मागे जात नाही, आपले एकटेच नपुंसकलिंगी एकवचनी उभे राहते, म्हणून भावे. एवढे तर सगळेच शिकवतात. आपण त्यापुढे सरकारी नोटीस काढलीत. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येत आहे.' कोण कळवतो? 'सदर जमीन संपादन करण्यात येत आहे.' कोण करतो? क्रियापदाने 'ण्यात येत आहे' असा अंगरखा घातला की कर्त्याला वाक्यात यायचे कारणच उरत नाही. आपण आम्हांला गृहपाठ दिलात की वर्तमानपत्रातल्या पाच जाहीर नोटिसा आणायच्या आणि प्रत्येकीत कर्ता परत बसवायचा. आम्हांला तो खेळ वाटला. तीन नोटिसांत कर्ता सापडे, दोनांत काही केल्या सापडत नसे. "न सापडणे हेही उत्तर आहे, तेही लिहा," असे आपण वहीत लाल शाईने लिहिले होते.

मग जानेवारी १९८४ उजाडला. वर्गात निम्मी मुले पनवेल आणि उरण तालुक्यांतली, आगरी-कोळ्यांची. नवी मुंबईसाठी १९७० पासून ज्या गावांच्या शेतजमिनी जात होत्या, त्या गावांतली. १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि नवघर परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले. पुढचे काही दिवस वर्ग अर्धा रिकामा होता. मुले परत आली तेव्हा कुणी बोलत नव्हते. आपणही भाषण केले नाही. फळ्यावर तीनच शब्द लिहिलेत, 'गोळीबार झाला होता.' आणि नेहमीच्या आवाजात विचारलेत, "कर्ता कोण?"

उरणकडचा एक मुलगा ताडकन उठून म्हणाला, "पोलीस." आपण म्हणालात, "वाक्यात ते आहेत का? नाहीत. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्याचा कर्ता 'गोळीबार' आहे. परीक्षेत हेच लिही, पूर्ण गुण मिळतील. पण घरी जाताना वाक्यात कोण कोण नाही, तेही लिहून ने. कुणी केला, कुणावर केला, कुणाच्या हुकमाने केला." तो मुलगा खाली बसला आणि वहीत लिहू लागला. मग सगळेच लिहू लागले. तो तास मी पुढे अनेकदा आठवला. आपण आम्हांला राग शिकवला नाहीत, की तो आवरायलाही सांगितले नाहीत. त्या रागाने कोणते प्रश्न विचारायचे, तेवढे दाखवलेत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते सांगते.

माझे वडील २००६ साली वारले. आमची थोडी भातजमीन उरली होती, राहते घर होते, आणि पूर्वी संपादनात गेलेल्या जमिनीपोटी साडेबारा टक्के योजनेत मिळायचा भूखंड अजून हाती यायचा होता. मागे आम्ही चौघे. आई, मी, धाकटी बहीण आणि सर्वांत धाकटा भाऊ. पुढल्या वर्षी भाऊ एक टंकलिखित कागद घेऊन आला. म्हणाला, "वडिलांच्या जागी नावे लावायची आहेत. सोमवारी दुय्यम निबंधकाकडे जाऊन सह्या करायच्या. सहीने काही कुणाचा हक्क सुटत नाही." तो खोटे बोलत नव्हता, सर. कागद तयार करून देणाऱ्याने त्याला जे सांगितले तेच तो सांगत होता. कागद त्यानेही वाचला नव्हता, कारण तो वाचता येण्यासारखा नव्हताच. अडीच पानांत मोजून चार पूर्णविराम होते.

आईला अक्षरओळख नव्हती. तिने कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "बाय, यो कागद काय सांगतं?"

मुख्य वाक्य साधारण असे होते. नावे वगळून देते.

'सदर मिळकतीतील आमचा वारसाहक्काने येणारा संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध आम्ही लिहून देणार यांनी लिहून घेणार यांचे लाभात, कोणताही मोबदला न घेता, आमच्या राजीखुशीने कायमचा सोडून दिला असून त्यावर आमचा अथवा आमच्या वारसांचा कोणत्याही प्रकारचा हक्क राहिलेला नाही.'

पहिल्यांदा वाचताना माझेही मन 'मिळकती', 'वारसा', 'राजीखुशी' अशा ओळखीच्या शब्दांवरून घसरत गेले. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरली. मग पेन्सिल घेतली आणि आपल्या तासाला करायचे तसे वाक्यपृथक्करण केले. आपला नियम असा होता की मराठी वाक्याचा निकाल शेवटी असतो, म्हणून आधी क्रियापद शोधायचे आणि मग उलटे चालत यायचे.

शेवटचे क्रियापद 'राहिलेला नाही'. काय राहिलेला नाही? हक्क. अकर्मक क्रियापद, आपल्या डाव्या रांगेतले. इथे कुणी काही केल्याचे दिसत नाही, हक्क जणू आपोआप उरलेला नाही. त्याच्या मागे 'असून'. 'असून' हा शब्द म्हणजे बिजागरी, असे आपण सांगितले होते. बिजागरी दिसली की दाराची दोन फळकुटे निराळी करायची. 'असून' काढून तिथे पूर्णविराम दिला. आता पहिल्या फळकुटाचे क्रियापद पुढे आले, 'सोडून दिला'. सकर्मक. उजव्या रांगेतले. काय सोडून दिला? हक्क, हिस्सा व हितसंबंध. कुणी? 'लिहून देणार यांनी'. कर्त्याला तृतीयेचा प्रत्यय, क्रियापद कर्माच्या मागे, म्हणजे स्वच्छ कर्मणी प्रयोग. कर्ता लपलेला नव्हता. तो मधोमध बसलेला होता, फक्त आपले नाव टाकून टोपणनावाने.

मग ते टोपणनाव कुणाचे, हे पाहायला पहिल्या पानावर गेले. 'लिहून देणार' या शब्दांखाली तीन नावे होती. पहिले आईचे, दुसरे माझे, तिसरे बहिणीचे. 'लिहून घेणार' एकटा भाऊ. उरला 'सदर' हा शब्द. 'सदर' म्हणजे दाखवलेले बोट, ते कुठे दाखवते ते बघा, असे आपण म्हणत होतात. ते बोट शेवटच्या पानावरच्या परिशिष्टाकडे होते. तिथे भातजमिनीचे गट नंबर होते, राहते घर होते, आणि तो न मिळालेला भूखंडही होता.

सगळे जमिनीवर मांडून बसल्यावर मी त्या एका वाक्याची चार वाक्ये केली आणि आईला वाचून दाखवली. तू, मी आणि धाकटी, आपण तिघींनी आपला हिस्सा सोडला. शेत, घर आणि मिळणारा भूखंड, तिन्हींतला सोडला. तो भावाला दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आता तो परत मागता येणार नाही, आपल्या मुलांनाही नाही.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग भावाकडे बघून तिने एकच विचारले, "घर पण?" भावाचा चेहरा उतरला. त्यानेच कागद हातात घेऊन माझी पेन्सिल फिरलेली जागा दोनदा वाचली. 'सुटत नाही' असे तो तोंडाने म्हणत होता, आणि कागदावर 'सोडून दिला' असे होते. आपल्या त्या जोड्यांतली शेवटची जोडी, सर. सुटणे-सोडणे.

व्याकरणाने किती काम केले आणि कुठे थांबले, हेही सांगायला हवे. नाहीतर मुलांना वाटेल, विभक्ती पाठ केली की वकिलाची गरज नाही. कागदात काय लिहिले आहे हे व्याकरणाने सांगितले. ते असे लिहिणे आवश्यक आहे का, हे त्याने सांगितले नाही. त्यासाठी आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी सांगितले की नावे लावणे म्हणजे वारस नोंद आणि हक्क सोडणे म्हणजे हक्कसोड पत्र. ही दोन निराळी कामे आहेत. वारस नोंदीला कुणी काही सोडावे लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज करायचा. गावच्या फेरफार नोंदवहीत नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर नावे येतात. हक्कसोड पत्र हा मात्र नोंदणी करून द्यायचा दस्त. तो एकदा झाला की मागे फिरणे फार अवघड. बापाच्या वाट्यात मुलीचा हक्क १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे, हेही त्यांनीच सांगितले. आमच्या भागात 'बहिणींच्या सह्या' हा रिवाज इतका अंगवळणी पडला होता की पन्नास वर्षांच्या त्या कायद्याची आठवण कुणाला होत नसे.

सोमवारी आम्ही निबंधकाकडे गेलो नाही. आधी वारस नोंद केली, चौघांच्या नावाने. मग घरात बसून बोललो. आईने आपले नाव काढू दिले नाही. ती म्हणाली, मी आहे तोवर घरावर माझे नाव राहील. बहिणीचा नवरा आजारी होता आणि घर तिच्या एकटीवर चालत होते, तिनेही आपला हिस्सा ठेवला. मी मात्र शेतातला माझा हिस्सा भावाला सोडला. तो एकटाच शेत करीत होता, आणि मला पोस्टाचा पगार होता. त्यासाठी नवा कागद झाला. त्यात मी हट्टाने टोपणनावाऐवजी माझे पूर्ण नाव घालायला लावले, आणि परिशिष्टात फक्त शेताचे गट नंबर ठेवले. लिहिणारा कुरकुरला. म्हणाला, बाई, असे कुणी लिहीत नाही. पण त्याने लिहिले.

सर, पहिल्या कागदावर सही केली असती तरी शेतातला माझा हिस्सा गेला असता आणि दुसऱ्या कागदानेही तो गेलाच. मग फरक काय पडला, असे माझी मुलगी मला विचारते. मी तिला सांगते, पहिल्या कागदाने माझा हक्क सुटला असता. दुसऱ्याने मी तो सोडला. एका वाक्यात मी नव्हते, दुसऱ्यात मी कर्ता होते.

हे सगळे गोड झाले असेही नाही. शेजारीपाजारी 'शिकलेल्या बहिणीने कागद अडवला' असे बोलले गेले. (कुणाकडून बोलले गेले, ते वाक्यात नाही आणि मीही ते घालीत नाही.) दोन वर्षे भाऊबीजेला भाऊ आमच्याकडे आला नाही. तिसऱ्या वर्षी आला, तेव्हा बरोबर एक दुसराच कागद होता. त्याच्या मेव्हण्याने सहीसाठी पाठविलेला. ओवाळणी ताटात ठेवून तो म्हणाला, "ताई, याच्यात कर्ता कोण ते बघ जरा." आम्ही दोघेही हसलो. पण कागद मी नीट वाचला, आणि बरे झाले वाचला.

आई २०१५ साली गेली. शेवटपर्यंत घरावर तिचे नाव होते. सातबारा आणि घराचा उतारा ती एका पिशवीत घालून उशाशी ठेवी. वाचता येत नसे, पण आपले नाव कुठल्या ओळीत आहे ते तिला ठाऊक होते. त्यावर बोट ठेवून ती नातवंडांना दाखवी.

पोस्टात असताना खिडकीशी अशी पुष्कळ माणसे येत. हातात कागद, आणि 'कुठं सही करू?' एवढाच प्रश्न. रांग असली तरी मी आधी एवढे विचारी की शेवटच्या ओळीत काय लिहिले आहे ते वाचले का. काहीजण चिडत. काहीजण बाजूला सरून वाचीत उभे राहत. त्यांतले दोघे-तिघे सही न करताच घरी गेले, हे मला आठवते. आपल्या तासाला हजर नसलेली ही आपली मुलेच म्हणायची.

आपण शिकवलेल्या साहित्यातले पुष्कळ काही आता आठवत नाही. कवींचे काळ उलटसुलट होतात. दामल्यांचे व्याकरण १९११ सालचे, एवढे मात्र पक्के आहे, कारण तो प्रश्न परीक्षेला आला होता. पण लाल शाईतले ते 'न सापडणे हेही उत्तर आहे' अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहे. ती वही मी जपून ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळी घरी असाल तर ती घेऊन भेटायला येईन. नातीला सांगावे की पत्रातली वाक्ये कुठे अडली असतील तिथे पेन्सिलीने खूण करून ठेव. आपण दोघे मिळून ती सोडवू.

वहिनींना नमस्कार. नातीला आशीर्वाद.

शिक्षकदिनाच्या निमित्ताने मी आपल्याला नमस्कार करते. हे वाक्य कर्तरी आहे, सर. मुद्दाम तसे लिहिले आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली विद्यार्थिनी,
तिसरा बाक, खिडकीकडची